क्लॉशियस–क्लॅपेरॉन: फळ्यावरच्या सात ओळी आणि प्रत्येक ओळीशेजारी तिचं कारण

५ जुलै

थर्मोच्या तासाला क्लॉशियस–क्लॅपेरॉन समीकरण झालं. बाष्पदाब तापमानाबरोबर कसा वाढतो, ते या समीकरणातून कळतं. सरांनी फळ्यावर सात ओळींत संपवलं, मीही सात ओळी उतरवल्या आणि तासाला सगळं समजल्यासारखं वाटलं. रात्री वही मिटून पुन्हा लिहायला बसले तर दुसऱ्याच ओळीवर हात थांबला. ओळ आठवत होती, पण ती तिथे का आली ते सांगता येईना. वहीत उतरलेलं होतं ते असं:

```
G1 = G2
dG1 = dG2
-S1 dT + V1 dP = -S2 dT + V2 dP
dP/dT = (S2 - S1)/(V2 - V1)
dP/dT = L/(T (V2 - V1))
dP/dT = L P/(R T^2)
ln P = -L/(R T) + C
```

१ म्हणजे पाणी, २ म्हणजे वाफ. `G` गिब्ज ऊर्जा, `S` एन्ट्रॉपी, `V` आकारमान, `T` तापमान, `P` दाब, `L` सुप्त उष्मा आणि `R` वायू स्थिरांक. या सात ओळी कागदाच्या डाव्या बाजूला घ्यायच्या आणि उजवीकडे प्रत्येकीचं कारण लिहायचं, असं ठरवलंय. एका संध्याकाळी होईल असा अंदाज आहे.

६ जुलै

पहिला कागद फुकट गेला. साध्या फुलस्केपवर मधोमध रेघ मारली आणि डावीकडे गणित, उजवीकडे कारण असं सुरू केलं. गणिताला एवढी जागा लागतच नाही. कारणांना मात्र जागा पुरेना, म्हणून ती आपोआप आखूड होत गेली. "दोन्ही बाजूंचं डिफरन्शिएशन", "किंमत घालून", "सोपं करून". वाचून बघितलं तर ही कारणं नव्हतीच. हातानं काय केलं तेवढं त्यात होतं. तसं करायची परवानगी कुठून मिळाली, ते एकातही नव्हतं.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून A3 कागद आणले, दहा कागद तीस रुपयांना. आता कागद आडवा धरून डावीकडचा एक तृतीयांश भाग गणिताला आणि उरलेला कारणांना दिलाय. "सोपं करून" हे शब्द वापरायचे नाहीत असं ठरवलं. कारण सापडलं नाही तर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून पुढे जायचं, वेळ मारून नेणारं काही लिहायचं नाही.

रात्री साडेअकरापर्यंत सातपैकी चार ओळींपुढे प्रश्नचिन्ह होतं. त्यातलं एक पहिल्याच ओळीपुढे.

७ जुलै

ओळ १. `G1 = G2` का? "समतोल आहे म्हणून" असं लिहिलं होतं. मग प्रत्यक्ष भांडं डोळ्यांसमोर आणलं: लिटरभर पाणी आणि वर झाकणाखाली थोडीशी वाफ. `G` पदार्थाच्या प्रमाणावर अवलंबून असतो. पाणी दुप्पट केलं तर पाण्याचा `G` दुप्पट होतो, वाफेचा आहे तेवढाच राहतो आणि समतोल तर बिघडत नाही. म्हणजे मोठ्या `G`ची बरोबरी असूच शकत नाही. बरोबरी आहे ती एका मोलमागच्या गिब्ज ऊर्जेची.

उजव्या रकान्यात आता असं आहे: तापमान आणि दाब दोन्ही स्थिर असताना एक थेंब पाणी वाफ झालं किंवा तेवढीच वाफ पाणी झाली, तरी एकूण `G` बदलत नाही, कारण समतोलात तो किमान असतो. हे जमायचं तर एका मोल पाण्याचा आणि एका मोल वाफेचा हिशेब सारखाच हवा. म्हणून छोटा `g`, आणि पुढे सगळीकडे `s` आणि `v` हेही छोटे. फळ्यावर बहुधा छोटा `g`च असावा, उतरवताना मीच मोठा केला असणार. त्यामुळे `L`चं काय होतं ते ११ तारखेच्या नोंदीत आहे.

८ जुलै

आजचा सगळा वेळ ओळ २ ने घेतला. संध्याकाळी सहापासून जेवणाची वेळ सोडून अकरापर्यंत. पण या कागदावर मला सर्वांत महत्त्वाची वाटते तीही हीच ओळ, म्हणून सविस्तर लिहिते.

उजवीकडे लिहिलेलं कारण होतं: "`g1` आणि `g2` समान आहेत, म्हणून त्यांची डिफरन्शियलही समान." वाचायला ठीक वाटतं. माझा धाकटा मावसभाऊ बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सध्या आमच्याकडेच राहतो. त्याला कागद दाखवला.

"ताई, डिफरन्शिएट करायला परवानगी आहे ना?"

"आहे की."

"मग मी दाब स्थिर ठेवून नुसतं तापमानानं करतो." आणि त्यानं लगेच कागदाच्या कडेला लिहिलं:

```
(∂g1/∂T)_P = (∂g2/∂T)_P
-s1 = -s2
L = T(s2 - s1) = 0
```

सुप्त उष्मा शून्य! पाणी उकळायला उष्णताच लागत नाही. माझ्या कारणानं त्याला जी मोकळीक दिली होती तीच त्यानं वापरली आणि उत्तर धादांत खोटं आलं. चूक माझ्या कारणात होती.

पाऊण तास दोघंही भलतीकडे शोधत होतो. `∂g/∂T = -s` हे सूत्रच चुकलं असावं असा मला संशय होता, म्हणून ते पुन्हा काढून पाहिलं. ते बरोबर आहे. शेवटी `T` आडवा आणि `P` उभा असा आलेख काढला आणि त्यावर उकळण्याची वक्ररेषा काढली. तिच्या डावीकडे वर नुसतं पाणी, उजवीकडे खाली नुसती वाफ. `g1 = g2` हे फक्त त्या रेषेवर खरं आहे. रेषेच्या अलीकडे पाण्याचा `g` कमी, पलीकडे वाफेचा. दाब स्थिर ठेवून तापमान जराही हलवलं की आपण रेषेवरून खाली उतरतो आणि तिथे ती बरोबरी राहतच नाही.

म्हणजे आपण मनाला येईल त्या दिशेनं सरकू शकत नाही. एका समतोल बिंदूपासून शेजारच्या समतोल बिंदूपर्यंतच जायचं, आणि त्यासाठी `dT` घेतला की `dP` किती घ्यायचा ते ती रेषाच ठरवते. हे दोन्ही एकमेकांना बांधलेले आहेत. शेवटी आपल्याला हवा असलेला `dP/dT` म्हणजे दुसरं काही नाही, त्याच रेषेचा चढ. हे लक्षात आलं तेव्हा समीकरणाचा अर्थ मला पहिल्यांदा कळला. सात ओळी पाठ करून तो कळला नव्हता.

फळ्यावरची ती एक ओळ आता कागदावर तीन ओळी झाली आहे:

```
1.  g1(T, P) = g2(T, P)
2.  g1(T+dT, P+dP) = g2(T+dT, P+dP)
3.  dg1 = dg2
```

ओळ २ चं कारण: "(T, P) आणि (T+dT, P+dP) हे दोन्ही बिंदू उकळण्याच्या रेषेवर घेतले आहेत. `dT` आणि `dP` स्वतंत्र नाहीत." ओळ ३ चं कारण: "ओळ २ मधून ओळ १ वजा."

यातून एक पद्धत हाती लागली. कारण लिहून झालं की त्या कारणाच्याच आधारानं काहीतरी चुकीचं करून बघायचं. चुकीचं करता आलं तर कारण अपुरं आहे.

९ जुलै

ओळी ४ ते ६ सुरळीत गेल्या. ओळ ४ ही `dg = -s dT + v dP`. इथे कारण म्हणून पहिला आणि दुसरा नियम एकत्र येतात आणि पदार्थाचं प्रमाण एक मोल ठरलेलं असल्यामुळे तिसरं पद येत नाही. ओळ ५ मध्ये ते दोन्ही बाजूंना लावलं. ओळ ६ नुसतं बीजगणित. फक्त एवढं नोंदवलं, की `v2 - v1` नं भागतोय आणि ते शून्य नाही. पाण्याच्या बाबतीत 374 °C या क्रांतिक तापमानाला ते खरोखर शून्य होतं, तिथे ही ओळ चालत नाही.

फळ्यावरच्या पाचव्या ओळीत `S2 - S1` च्या जागी `L/T` आलं होतं. "एन्ट्रॉपीची व्याख्या" असं मी लिहिलं होतं. कालची पद्धत लावली: व्याख्येत तर `dq/T` चं इंटिग्रल असतं, मग `T` बाहेर कसा आला? उकळताना तापमान बदलत नाही म्हणून. हे बरोबर आहे, पण मला ते पहिल्या ओळीशी जोडून हवं होतं. वीसेक मिनिटांत जमलं. `h` म्हणजे एन्थॅल्पी. `g = h - Ts` असतं, तर ओळ १ अशी होते:

```
h1 - T s1 = h2 - T s2
T (s2 - s1) = h2 - h1 = L
```

स्थिर दाबाला उकळताना लागणारी उष्णता म्हणजेच `h2 - h1`. म्हणून ओळ ७ चं कारण बाहेरून आणावं लागत नाही, ते ओळ १ मध्येच आहे. कागदावर ओळ ७ पासून ओळ १ पर्यंत हिरव्या पेनानं बाण काढला.

क्लॅपेरॉननं १८३४ मध्ये हे समीकरण मांडलं तेव्हा त्या `T` च्या जागी तापमानाचं एक अज्ञात फलन होतं, कारण दुसरा नियम तेव्हा आजच्या रूपात मांडलेला नव्हता. क्लॉशियसचं काम १८५० चं. हेही कारणांच्या रकान्यात लिहून ठेवलं. आपण पटकन लिहून टाकतो त्या एका अक्षरासाठी सोळा वर्षं गेली, हे ती ओळ वाचताना समोर असावं असं वाटलं.

११ जुलै

काल प्रॅक्टिकल होतं म्हणून नोंद नाही. आज शेवटचा भाग:

```
8.   dP/dT = L/(T (v2 - v1))
9.   v2 - v1 ≈ v2
10.  v2 ≈ R T/P
11.  dP/dT ≈ L P/(R T^2)
12.  dP/P = (L/R) dT/T^2
13.  ln(P2/P1) = (L/R)(1/T1 - 1/T2)
```

फळ्यावर ८ वरून थेट ११ वर उडी होती. त्या उडीत दोन अंदाज दडलेले होते, ते आता ९ आणि १० म्हणून वेगळे झाले. तिसरा अंदाज १२ आणि १३ च्या मध्ये आहे आणि तो माझ्या वहीत कुठेच नव्हता: `L` इंटिग्रलच्या बाहेर काढला, म्हणजे तो तापमानानुसार बदलत नाही असं धरलं.

मग आकडे घालून पाहायला गेले आणि दीड तास गेला. 25 °C ला पाण्याचा बाष्पदाब ओळ १३ वरून काढला, तर उत्तर इतकं सूक्ष्म आलं की कॅल्क्युलेटरनं शून्य दाखवलं. चिन्ह तपासलं, केल्विन तपासले, लॉग तपासला. घोटाळा `L` मध्ये होता. मी स्टीम टेबलमधून 2257 kJ/kg घेतला होता आणि `R` मात्र मोलमागचा, 8.314. पहिल्या ओळीतल्या छोट्या `g` चा अर्थ शेवटपर्यंत पाळायचा असतो. मोलमागचा `L` 40.66 kJ. ओळ १ आणि ओळ १३ दोन्हींच्या शेजारी लाल पेनानं "सगळं एका मोलमागे" असं लिहिलं.

१२ जुलै

आज आकड्यांनी तीनही अंदाज तपासले. प्रत्येक अंदाजापुढे "किती चूक येते" हे लिहायचं होतं, कारण "खूप लहान आहे म्हणून सोडलं" हेही अर्धवटच कारण आहे. किती लहान, कशाच्या तुलनेत, हे त्यात येत नाही.

ओळ ९: 100 °C ला एक किलो पाणी सुमारे 0.00104 घनमीटर, एक किलो वाफ 1.673 घनमीटर. सोडलेला भाग हजारात एकाहूनही कमी.

ओळ १०: त्याच ठिकाणी `RT/P` वरून वाफेचं आकारमान 1.700 येतं, खरं 1.673. दीड टक्क्याच्या जरा वर चूक. वाफ आदर्श वायूपेक्षा थोडी आवळलेली असते. याचा परिणाम थेट दिसतो. ओळ ८ मध्ये टेबलातले आकडे घातले तर चढ अंशाला 3.62 kPa येतो, ओळ ११ वरून 3.56.

ओळ १३ ही खरी अडचण. `L` शून्य अंशाला 2501 kJ/kg असतो आणि शंभराला 2257, म्हणजे जवळजवळ दहा टक्के घसरतो. 100 °C चा `L` घेऊन 25 °C चा दाब काढला:

```
ln(P/101.325) = -(40660/8.314)(1/298.15 - 1/373.15) = -3.297
P = 3.75 kPa
```

टेबलात 3.17 आहे. अठरा टक्के जास्त. मग 25 आणि 100 अंशांच्या `L` ची सरासरी, 42.3 kJ, घेऊन पुन्हा केलं. उत्तर 3.28, म्हणजे चूक साडेतीन टक्क्यांच्या आत आली. तीन अंदाजांत सर्वांत महाग कुठला, हे यातून स्पष्ट झालं. नेमका तोच माझ्या वहीत लिहिलेला नव्हता.

जवळचं उदाहरण म्हणून कुकर घेतला. शिट्टीच्या वजनामुळे आत वातावरणाच्या दाबावर आणखी तेवढाच दाब धरला, म्हणजे एकूण 202.65 kPa. ओळ १३ वरून तापमान 120.8 °C येतं, टेबलात 120.6. इथे एवढं अचूक कसं, याचा मी बराच वेळ विचार केला. एक तर अंतर कमी, वीसच अंश. शिवाय दोन चुका उलट्या दिशेच्या आहेत: वरच्या तापमानाला खरा `L` कमी होतो, पण वाफेचं खरं आकारमानही आदर्श वायूपेक्षा कमी असतं. ओळ ८ मध्ये एक वर आहे आणि एक खाली, त्यामुळे दोन्ही मिळून बरंचसं फिटतं. म्हणून कुकरचं उत्तर जुळलं यावरून अंदाज बरोबर होते असं धरायचं नाही, ही टीप ओळ १३ खाली लिहिली.

१४ जुलै

कच्चा कागद मावसभावाला दिला आणि मी खोलीत थांबले नाही. मी शेजारी असले की तोंडी सांगते आणि मग कागदाची परीक्षा होत नाही. त्याला एक गणित दिलं: बर्फावर दाब वाढवला तर तो कुठल्या तापमानाला वितळेल? बर्फाचा `L` 334 kJ/kg, एक किलो बर्फ 0.001091 घनमीटर, पाणी 0.001000.

अर्ध्या तासानं त्यानं उत्तर आणलं: अंशाला 12 वातावरण, आणि दाब वाढवला की वितळबिंदू वर जातो. खरं उत्तर अंशाला सुमारे 133 वातावरण, आणि तेही उलट दिशेनं, दाब वाढवला की वितळबिंदू खाली जातो. जेम्स थॉमसननं १८४९ मध्ये हे आधी कागदावर सांगितलं आणि त्याचा भाऊ विल्यम थॉमसन, पुढचा लॉर्ड केल्विन, यानं प्रयोगानं पडताळलं.

"ताई, तूच लिहिलंयस ना, पहिल्या अवस्थेचं आकारमान सोडून द्या म्हणून."

लिहिलं होतं. ओळ ९ मध्ये "`v1` खूप लहान" एवढंच होतं, आणि त्यानं बर्फाचा `v1` सोडला. पण बर्फ आणि पाणी यांची आकारमानं जवळजवळ सारखी, त्यातही पाण्याचं कमी. जो फरक उणे यायला हवा तोच त्यानं पुसून टाकला, म्हणून चिन्हही बदललं आणि आकडाही अकरा पटींनी चुकला.

दुरुस्ती दोन ठिकाणी केली. ओळ ८ आणि ९ यांच्या मध्ये कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड लाल रेघ मारली. तिच्या वर एकही अंदाज नाही, ते वितळण्याला, उकळण्याला, बर्फाच्या थेट वाफ होण्याला, सगळ्यांना लागू. तिच्या खालचं फक्त दुसरी अवस्था वाफ असेल तेव्हाच, आणि क्रांतिक बिंदूपासून लांब. ओळ ९ च्या कारणातून "खूप लहान" काढलं आणि 0.00104 व 1.673 हे दोन आकडेच लिहिले. आकडे समोर असले की बर्फाला तेच लावावं का, हा प्रश्न वाचणाऱ्याला आपसूक पडतो.

१५ जुलै

पक्का कागद लिहिला. सव्वादोन तास लागले. गणित काळ्या शाईत, कारणं निळ्या, आधीच्या ओळीकडे जाणारे बाण हिरवे, अंदाज आणि अटी लाल. एकूण तेरा ओळी. आधीचे पाच कागद वाया गेले. सगळा मिळून वेळ सोळा-सतरा तास, त्यातले पाच एकट्या ओळ २ चे. खर्च कागदांचे तीस आणि हिरव्या पेनाचे दहा.

संध्याकाळी मावसभावानं बर्फाचं गणित पुन्हा केलं. लाल रेघेपाशी थांबला, ओळ ८ मध्येच आकडे घातले आणि उणे 133 आणलं. मग ओळ ४ वर पेन्सिलीनं नवं प्रश्नचिन्ह काढून कागद परत दिला: `dg` मध्ये पृष्ठताणाचं पद का नाही, छोट्या थेंबाला हेच चालेल का? चालणार नाही. थेंब जितका लहान तितका त्याच्या आतला दाब बाहेरच्या वाफेपेक्षा जास्त असतो, मग ओळ १ मध्ये दोन्हीकडे एकच `P` लिहिता येत नाही. ओळ १ शेजारी लाल शाईत भर घातली: "पाणी आणि वाफ यांच्यामधला पृष्ठभाग सपाट." झेरॉक्स उद्या काढायच्या.